रात्रीचे ओलीत

लेझरच्या यंत्रासमोर रुग्णाला बसविण्यापूर्वी मी त्याला एक प्रश्न विचारतो. दिवस मावळल्यावर तुम्ही काय करता? प्रश्न साधा आहे. परंतु तो विचारण्याची बुद्धी मला व्यवसायाची बरीच वर्षे उलटून गेल्यावर झाली, आणि ती एका माणसाच्या मोडलेल्या मनगटाच्या किमतीवर झाली, हे प्रांजळपणे सांगितल्यावाचून पुढे काही लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

केळापूर तालुक्यात नेत्रवैद्य म्हणून माझी हयात गेली. तालुक्याचे नाव केळापूर असले तरी कचेऱ्या, बाजारपेठ आणि दवाखाने पांढरकवड्याला आहेत. केळापूर हे त्याला लागून असलेले जगदंबेचे गाव. भोवताली कापूस आणि तुरीची काळी जमीन, एका अंगाला टिपेश्वरचे अभयारण्य, आणि मधून नागपूर ते हैदराबाद जाणारा हमरस्ता. मी येथे बसलो तेव्हा माझ्याकडे येणारे बहुतेक लोक मोतीबिंदूचे असत. कापसाच्या पऱ्हाटीचा फटका बसून बुबुळाला जखम झालेले मजूर हिवाळ्यात येत. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडलेला माणूस महिन्यातून एखादाच. पुढे त्यांची संख्या वाढत गेली; आणि त्यांत केवळ पेठेतले व्यापारी किंवा निवृत्त शिक्षक नव्हते, तर दोन वेळा शेतात राबणारे, अंगाने वाळलेले शेतकरी होते, ज्यांच्याकडे पाहून ‘शुगर’ आहे असे कोणी म्हटले नसते.

लेझर नेमका कशावर चालतो याविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. लेझरने दृष्टी वाढते, अशी बहुतेकांची धारणा असते, आणि ती पहिल्याच भेटीत मोडून काढावी लागते. मधुमेहात दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद पडत जातात. ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तो भाग मरत नाही, उपाशी राहतो. आणि उपाशी राहिलेली पेशी प्राणवायूसाठी एक रासायनिक हाक देते. त्या हाकेला ओ देऊन नव्या रक्तवाहिन्या उगवतात. निसर्गाचा हेतू चांगला असतो, पण काम कच्चे असते. या नव्या वाहिन्यांच्या भिंती फार नाजूक असतात; त्या वाहिन्या डोळ्यातील काचेसारख्या पारदर्शक द्रवाच्या पृष्ठावर वेलीसारख्या पसरतात, आणि तो द्रव वयोमानाने आकसू लागला की ताणल्या जाऊन फुटतात. रुग्ण म्हणतो, डोळ्यासमोर कोळिष्टके आली, किंवा शाई सांडल्यासारखे झाले. रक्त ओसरले तरी मागे दोरखंडासारखे तंतू उरतात, ते आवळत जातात आणि अखेर पडदाच भिंतीवरून ओढून काढतात. या शेवटच्या अवस्थेच्या अलीकडे, वाहिन्या उगवल्या आहेत पण पडदा अजून जागेवर आहे अशा मुदतीत, लेझरचे काम असते. आणि विलक्षण गोष्ट अशी की, या मुदतीत पुष्कळदा रुग्णाला काहीच त्रास नसतो. तो तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ बिनचूक वाचतो.

अशा माणसाला, ज्याला स्वच्छ दिसते आहे त्याला, डोळा जाळून घ्यायला तयार करावे लागते. जाळणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. प्रकाशाने पडदा जळतो हे ज्ञान जुने आहे. ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये हे आपल्याकडची आजीही सांगते. जर्मनीतील गेर्ड मेयर-श्विकेराथ या नेत्रवैद्याने 1945 च्या सूर्यग्रहणात डोळा भाजून घेतलेल्या एका विद्यार्थ्याला तपासले, आणि त्या इजेकडे पाहता पाहता त्यांना सुचले की, हीच आच मोजून आणि नेमक्या जागी दिली तर ती औषध ठरेल. आरंभी त्यांनी आरशांच्या साहाय्याने प्रत्यक्ष सूर्यप्रकाश रुग्णाच्या डोळ्यात सोडला. नंतर झेनॉनचा दिवा आला, आणि त्यानंतर लेझर. तरी या उपचाराने खरोखर लाभ होतो की नाही, याचा निवाडा व्हायला बराच काळ जावा लागला. अमेरिकेत 1758 रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार केला आणि दुसरा डोळा तसाच ठेवला, जेणेकरून प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच व्हावी. ज्या डोळ्यांना सर्वांत अधिक धोका होता, त्यांपैकी उपचार न केलेल्या शंभरातील सुमारे सव्वीस डोळे दोन वर्षांत जवळजवळ आंधळे झाले. उपचार केलेल्यांत ती संख्या अकरावर आली. 1976 मध्ये पहिले निष्कर्ष हाती येताच, राहिलेल्या डोळ्यांवरही उपचार करण्याची मुभा देण्यात आली, कारण ते तसेच ठेवणे नीतीला धरून राहिले नव्हते.

सव्वीसाचे अकरा. हा आकडा माझ्या शिक्षकांनी माझ्या मनावर बिंबविला आणि मी तो केळापुरात घेऊन आलो. त्या आकड्यात रात्रीचा उल्लेख नव्हता.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगतो, कारण पुढची सारी कैफियत त्या तपशिलावर उभी आहे. प्रथम थेंब घालून बाहुली मोठी करतात. तिला अर्धा-पाऊण तास लागतो. बधिरतेचे थेंब घातले की, रुग्ण हनुवटी टेकून यंत्रासमोर बसतो आणि एक जाड भिंग, मध्ये चिकट द्रव घालून, थेट त्याच्या बुबुळावर टेकविले जाते. त्या भिंगातून पडदा विस्तीर्ण दिसतो: नारिंगी रंगाचा, त्यात दृष्टिचेतेचा फिकट वाटोळा ठिपका, त्याच्या बाजूला गडद पीतबिंदू, आणि दोहोंना वेढून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या कमानी. पीतबिंदूला हात लावायचा नाही, कारण वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे सारे तेथे आहे. कमानींच्या बाहेर, पडद्याच्या कडेपर्यंत, हिरव्या लेझरचे ठिपके एकामागून एक द्यायचे. यंत्रावर 200 मायक्रॉनचा आकडा लावला तरी रुंद क्षेत्राच्या भिंगामुळे पडद्यावर ठिपका जवळपास दुप्पट पडतो, हे ध्यानात ठेवावे लागते. शक्ती कमीपासून सुरू करून थोडी थोडी वाढवायची, ठिपका राखाडी-पांढरा उमटला की थांबायचे. खडूसारखा शुभ्र उमटला तर आच जास्त झाली, आणि खालचा पापुद्रा फुटून रक्त येण्याचे भय. दोन ठिपक्यांत एका ठिपक्याएवढी किंवा त्याहून थोडी कमी जागा सोडायची. एका डोळ्याला असे बाराशे ते सोळाशे ठिपके, दोन-तीन बैठकांत.

हे ठिपके नव्या वाहिन्यांवर द्यायचे नसतात, हे ऐकून शिकाऊ डॉक्टरही प्रथम चकित होतात. ज्या बाजूच्या पडद्याला रक्त पोचत नाही त्यावर ते द्यायचे. पडद्याच्या बाहेरच्या थरातील प्रकाशग्राही पेशी शरीरातील अत्यंत खादाड पेशींपैकी आहेत. त्यांतल्या काही मारल्या की त्यांच्या वाट्याचा प्राणवायू पडद्यापाठीमागच्या थरातून आतल्या उपाशी थराला मिळू लागतो, हाक मंदावते, आणि काही आठवड्यांत नव्या वाहिन्या कोमेजतात. दुष्काळात चारा पुरत नाही म्हणून काही जनावरे विकून बाकीची जगविण्याचा जो कठोर हिशोब या भागातल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, तोच हा.

आता त्या माणसाकडे येतो. तो टिपेश्वरच्या बाजूच्या एका खेड्यातला, पन्नाशी नुकती ओलांडलेला, सात एकरांचा धनी. मधुमेह बारा वर्षांचा. उजव्या डोळ्यासमोर काळे धागे फिरतात एवढीच तक्रार. दोन्ही डोळ्यांनी तक्ता जवळजवळ पूर्ण वाचत होता. आत पाहिले तो दोन्ही बाजूंना दृष्टिचेतेच्या बिंबावरच नव्या वाहिन्यांचा झुबका, उजवीकडे थोडे ताजे रक्त. धोक्याच्या सर्व खुणा हजर. मी त्याला सांगितले की लेझर केला नाही तर डोळे जातील, आणि ते खरे होते. छापील संमतिपत्रावर त्याने सही केली. त्या पत्रात दृष्टिक्षेत्र आणि अंधारातील दृष्टी कमी होण्याचा संभव इंग्रजीत एका ओळीत लिहिलेला होता. ती ओळ मी त्याला वाचून दाखविली नाही.

दोन महिन्यांत दोन्ही डोळे पूर्ण झाले, प्रत्येकी सोळाशेच्या आसपास ठिपके. वाहिन्या सुकल्या. तक्त्यावर तो पूर्वीच्याच ओळीपर्यंत पोचला. माझ्या नोंदवहीत मी समाधानाने तसे लिहिले. ते पान अजून माझ्याजवळ आहे.

पौषात तो परत आला तो हाताला प्लास्टर घालून. त्याच्या शेताला वीज चक्राकार पाळीने मिळे, कधी दिवसा, कधी रात्री. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याचे आणि गव्हाचे ओलीत मध्यरात्रीनंतर करावे लागे. पंप आपोआप सुरू होण्याची सोय त्याने केली होती, परंतु दांडातून वाफ्यात पाणी वळवायला माणूस लागतोच. वीस-पंचवीस वर्षे ज्या धुऱ्यावरून तो चांदण्याच्या उजेडात चालत होता, त्या धुऱ्याची कड त्याला दिसली नाही. तो दांडात पडला आणि मनगट मोडले. आवाज न चढविता तो मला म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दिवसा मले सारं दिसते. राती काहीच नाही दिसत. तुमी डोया वाचवला म्हणता, पण माही रात गेली. पयले सांगतलं असतं तर मी तयारीत रायलो असतो.”

त्याने लेझर नाकारला असता असे तो म्हणाला नाही. तयारीत राहिलो असतो, एवढेच म्हणाला. या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

त्या रात्री मी कागद घेऊन जो हिशोब मांडला तो आधीच मांडायला हवा होता. मनुष्याच्या दृष्टिपटलाचे क्षेत्रफळ साधारण अकराशे चौरस मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा एक ठिपका सुमारे एक पंचमांश चौरस मिलिमीटर जागा व्यापतो. असे पंधराशे ठिपके म्हणजे तीनशे चौरस मिलिमीटर. पडद्याचा चौथ्या भागाहून अधिक हिस्सा मी जाळला होता. आणि जाळला तो कुठला? रंग आणि बारकावे पाहणाऱ्या शंकुपेशी सुमारे साठ लाख, त्या मध्यभागी दाटलेल्या. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी बारा कोटींच्या घरात. मध्यबिंदूत त्या मुळीच नाहीत, आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती मध्यापासून काही अंतरावर, कमानींच्या सुमारास वर्तुळाकार पसरलेली आहे. म्हणजे ज्या पट्ट्यातून मी ठिपके सुरू करीत होतो तेथेच रात्रीचे बिऱ्हाड होते. तक्ता फक्त मध्यबिंदू तपासतो, तोही उजेडात. माझ्या नोंदवहीतले समाधान दिवसापुरते खरे होते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, या रोगात रात्रीची दृष्टी लेझरपूर्वीच थोडी उतरलेली असते. उपाशी पडदा अंधाराशी जुळवून घ्यायला वेळ लावतो. काहींना हे कळतही नाही, कारण ऱ्हास सावकाश होतो. लेझरने तो एकदम वाढतो आणि म्हणून जाणवतो. पण असा युक्तिवाद मी त्या शेतकऱ्यासमोर केला असता तर ती पळवाट ठरली असती.

माणूस एका चुकीतून निघताना दुसऱ्या बाजूच्या चुकीत कसा पडतो, हे पुढच्याच वर्षी मला दिसले. एक गृहस्थ आले. जिनिंगमध्ये रात्रीचे चौकीदार. कापसाच्या हंगामात रात्रभर आवारात गाड्या येत-जात, आणि गंजीवर ठिणगी पडली तर काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला चौकीदाराच्या डोळ्यांचे मोल सांगायला नको. यांनाही नव्या वाहिन्या होत्या. मला मोडलेले मनगट आठवत होते. मी दोन्ही डोळ्यांत ठिपके कमी दिले, सातशेच्या आत. दूर दूर, विरळ. आणि मनाची समजूत घातली की एवढ्याने काम भागेल, नाही भागले तर पुन्हा देऊ. महिन्याने वाहिन्या थोड्या फिक्या दिसल्या. त्या सुकल्या आहेत असे मला वाटावेसे वाटले. सुकलेली वाहिनी पांढरट तंतूसारखी दिसते, तिच्यात रक्त फिरताना दिसत नाही आणि तिची टोके आखडलेली असतात; येथे टोकाशी बारीक लाल जाळी तशीच होती, आणि मी ती पाहूनही तिला महत्त्व दिले नाही. हंगाम सुरू झाला, ते तीन महिने आले नाहीत, आणि आले तेव्हा डाव्या डोळ्यात रक्त भरले होते. रक्तातून लेझर पोचत नाही. नागपूरला त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून ते रक्त काढावे लागले, आत लेझर पूर्ण करावा लागला. डोळा राहिला, पण पूर्वीसारखा राहिला नाही. उजव्या डोळ्याचे ठिपके मी त्याच आठवड्यात पुरे केले आणि तो वाचला.

या दोन माणसांनी मिळून मला जे शिकविले ते असे की, ठिपक्यांच्या संख्येत दया दाखविता येत नाही. रोग जितका मागतो तितका पडदा द्यावा लागतो, अर्धवट दिलेल्याने रात्रही जाते आणि दिवसही. सवलत घ्यायची ती अन्यत्र: कधी करायचे, कोणता डोळा आधी, बैठकांत किती अंतर, सुरुवात कमानीजवळून करायची की कडेकडून, आणि रुग्णाला आधी काय सांगायचे. मी आता पडद्याच्या दूरच्या भागापासून आरंभ करतो आणि मध्याकडे गरजेपुरताच येतो. नवी यंत्रे ठिपक्याचा अवधी एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शावरून पन्नासाव्या हिश्शावर आणतात. वेदना कमी होते, व्रण कमी पसरतो, परंतु प्रत्येक ठिपका लहान राहत असल्याने ते संख्येने अधिक द्यावे लागतात. यंत्र विकणारा पहिली दोन वाक्ये सांगतो. तिसरे आपण लक्षात ठेवायचे.

वेदनेचेही एक सांगितले पाहिजे. बुबुळाच्या डाव्या-उजव्या अंगाला, घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी, डोळ्याच्या भिंतीतून दोन लांब मज्जातंतू जातात. त्यांवर ठिपका पडला की, शांत बसलेला माणूसही दचकून मागे सरतो, आणि दचकलेल्या डोळ्यात मध्यबिंदू लेझरच्या वाटेत येण्याचा धोका असतो. भिंतीतील मज्जातंतूंना आच लागल्याने काहींना नंतर काही काळ जवळचे वाचायला जड जाते, उजेड सोसत नाही, बाहुली पुरती आकसत नाही. हे मी पूर्वी किरकोळ मानीत असे. एका शिक्षिकेने उत्तरपत्रिका तपासता येत नाहीत म्हणून मला दाखविल्या, तेव्हापासून मानीत नाही. तिला दोन महिन्यांपुरता जवळचा चष्मा द्यावा लागला. नंतर फरक पडला.

त्याहून मोठा फसवा प्रसंग पीतबिंदूच्या सुजेचा. एका बाईंच्या मध्यबिंदूवर आधीच किंचित सूज होती, जी मी त्या दिवशी नीट हेरली नाही. एकाच बैठकीत मी पुष्कळ ठिपके दिले, कारण त्या घाटंजीच्या पुढून दोन एसट्या बदलून येत असत आणि त्यांची पुढची फेरी वाचवावी असे मला वाटले. दहा दिवसांनी त्या आल्या त्या चार ओळी कमी वाचत. मोठ्या क्षेत्रावर एकदम आच दिली की पडद्याला दाह होतो आणि तो मध्यभागी पाणी साठवितो. सूज इंजेक्शनांनी उतरली, दृष्टी बरीच परतली. पण त्यांचा माझ्यावरचा विश्वास परतायला अधिक वेळ लागला, आणि गावात ‘लेझरने डोळे जातात’ ही वार्ता त्या वर्षी माझ्या आधी पोचत असे. आता मध्यबिंदूची सूज असेल तर तिची तजवीज आधी, आणि फेऱ्या वाचविण्यासाठी बैठका एकत्र करणे बंद.

इंजेक्शनांचे नाव निघाले म्हणून लिहितो. ती रासायनिक हाकच बंद पाडणारी औषधे डोळ्यात टोचता येतात, आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक केलेल्या अमेरिकी अभ्यासात दोन वर्षांनी ती लेझरच्या तोडीस तोड ठरली. बाजूचे दृष्टिक्षेत्र तर अधिक राखले गेले. रात्रीची दृष्टी वाचवायची तर हा मार्ग श्रेयस्कर, असे कोणालाही वाटेल, आणि शहरातल्या, महिन्याच्या महिन्याला येऊ शकणाऱ्या रुग्णाला मीही तो सुचवितो. परंतु औषधाचा प्रभाव काही आठवड्यांचा असतो. टोचणी थांबली आणि पडदा उपाशीच असला तर वाहिन्या परत येतात, पुष्कळदा जोमाने. मधल्या काळात रुग्ण दिसेनासा झाला तर अशा डोळ्याची अवस्था लेझर झालेल्या डोळ्यापेक्षा वाईट होते. आणि येथील माणूस दिसेनासा होतो. मृगाच्या पावसाला पेरणी, दिवाळीला वेचणी, मध्ये कुणाचे लग्न, कुणाचे आजारपण, खिशात पैसे नाहीत. त्याच्या निष्काळजीपणाचा हा पुरावा नव्हे, त्याचे वर्ष असेच चालते. जळलेला पडदा परत येत नाही हा लेझरचा दोष, आणि लेझर झाल्यावर रुग्ण सहा महिने नाही आला तरी परिणाम टिकतो हा त्याचा गुण. दोन्हींचे मूळ एकच.

तेव्हा मी प्रश्न विचारतो. दिवस मावळल्यावर तुम्ही काय करता? उत्तरे ऐकून या तालुक्याची रात्र मला कळत गेली. रानडुकरे आणि रोही पीक खातात म्हणून कुणी जागलीला जातो, मचाणावर बसून डबे वाजवितो, आणि वाघाच्या वाटेवर असलेल्या वावरात हे काम करतो. कुणी हमरस्त्यावर ट्रक चालवितो. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की पुढचे कितीतरी क्षण त्याला रस्ता दिसत नाही, आणि लेझरनंतर ते क्षण लांबतात. त्याला मी सांगतो की रात्रीची गाडी सोडावी लागेल, आणि ते ऐकताना त्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहतो. कुणी म्हातारी म्हणते, नवरात्रात पहाटे अंधारात जगदंबेला चालत जाते. तिच्याबरोबर नातवाला पाठविण्याचे बोलणे मी नातवाशीच करतो.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी जाड पडदे लावून घेतले आहेत. लेझरपूर्वी रुग्णाला तेथे वीस मिनिटे बसवितो, कारण अंधाराला सरावायला दंडपेशींना तेवढा वेळ लागतो. मग एका कोपऱ्यात मंद दिवा लावून त्याला खोलीतील खुर्ची, घडवंची आणि जमिनीवर ठेवलेली पांढरी दोरी दाखवायला सांगतो. शास्त्राच्या दृष्टीने ही परीक्षा कच्ची आहे. परंतु लेझरनंतर तीच परीक्षा पुन्हा घेतली की, काय गेले आणि काय राहिले हे त्याला आणि मला एकाच वेळी, एकाच खोलीत दिसते. दोरी दिसत नाही असे म्हणणारा माणूस घरी जाऊन धुऱ्यावर विसंबत नाही. मी त्याला रुंद झोताची, कपाळाला बांधायची बॅटरी घ्यायला सांगतो. हातातल्या अरुंद झोताच्या बॅटरीने पुढचे दिसते पण पायाजवळचे दिसत नाही. दुचाकी रात्री नको. विहिरीला कठडा घाला. ओलिताच्या पाळीची अदलाबदल भावाशी, शेजाऱ्याशी आधीच ठरवा.

मनगट मोडलेला तो शेतकरी अजून येतो. पहिली दोन वर्षे तो मजजवळ फारसे बोलत नसे. दर सहा महिन्यांनी डोळे दाखवी आणि जाई. बाहुली मोठी केलेल्या डोळ्यांत मला आता ते सोळाशे व्रण स्पष्ट दिसतात: प्रत्येक ठिपका फिकट, कडेला काळ्या रंगद्रव्याची झालर, आणि मध्ये बिंबावर जेथे झुबका होता तेथे एक पांढरट धागा. रात्रीचे ओलीत त्याचा मुलगा करतो. गेल्या हिवाळ्यात तो आपल्या धाकट्या भावाला घेऊन आला. भावालाही मधुमेह, आणि डाव्या डोळ्यात नव्या वाहिन्या. मी तोंड उघडण्यापूर्वी त्यानेच भावाला सांगायला सुरुवात केली: किती वेळ बसावे लागते, कुठे चमक मारते, कधी दुखते, दिवस कसा राहतो, रात कशी जाते. मी ऐकत राहिलो. मग भावाने विचारले, हरभऱ्याचे दोन पाणी झाल्यावर केले तर चालेल का? वाहिन्या अद्याप लहान होत्या, रक्त नव्हते. परंतु दोन पाण्यांना लागणारा अवकाश मला धोक्याचा वाटला. एका पाण्यापर्यंत थांबता येईल, असे मी म्हणालो. थोरल्याने बोटांवर दिवस मोजले आणि पाळी कुणाची आहे ते सांगितले, आणि मी वहीत पुढच्या मंगळवारची तारीख घातली.